आठ महिने वापरल्यावर: शंभर टक्के जुळणी आणि एका ‘त’चा घोळ

अरबी बातम्यांचं इंग्रजी करायला मी जूनमध्ये भाषांतर-स्मृतीचं एक सॉफ्टवेअर घेतलं, म्हणजे आपली जुनी भाषांतरं वाक्यागणिक साठवून तेच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर पुढे करणारं. वर्षाची वर्गणी एकदम भरली, कारण महिन्याच्या हिशेबाने ती दीडपट पडत होती. नाव लिहीत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही. सेगमेंट, मेमरी, मॅच वगैरे ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. बाकी सगळं ठीकठाक आहे: स्क्रीन बरी, वेग बरा, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं फारशी उसळत नाहीत.

माझं काम म्हणजे बातम्यांवर नजर ठेवणाऱ्या एका ग्राहकासाठी रोज आठ-दहा अरबी बातम्या इंग्रजीत उतरवणं. तिथे शैलीला कुणी विचारत नाही. कोण काय म्हणालं, एवढंच त्यांना हवं असतं. नोव्हेंबरात ग्राहकाचा मेल आला: ‘मंत्रालयाने असं काहीच म्हटलेलं नाही, हे वाक्य कुठून आणलंत?’ मूळ बातमी देता येत नाही, म्हणून त्याच बांध्याची एक रचून सांगतो.

‘व नकलतिस्-सहीफा अन मसादिर मुत्तलिआ फिल्-विझारा कौलहा...’ म्हणजे मंत्रालयातल्या माहीतगार सूत्रांच्या हवाल्याने वृत्तपत्राने दिलं की तीन कर्मचाऱ्यांना निलंबित केलंय. पुढचं वाक्य सुटं: ‘व अदाफत अन्नत्-तहकीकात मा झालत जारिया.’ चौकशी अजून चालू आहे, अशी पुस्ती जोडली. कुणी जोडली? अरबीत कर्ता वेगळा दिला नसेल तर तो क्रियापदाच्या पोटात असतो. ‘अदाफा’ असतं तर एकवचनी पुल्लिंगी कर्ता, ‘अदाफत’ असेल तर स्त्रीलिंगी. सगळा निकाल त्या शेवटच्या ‘त’वर.

इथे पंचाईत अशी की वृत्तपत्र (सहीफा) स्त्रीलिंगी, मंत्रालय (विझारा) स्त्रीलिंगी, आणि सूत्रं (मसादिर) दिसायला अनेकवचन असली तरी अरबी व्याकरणात माणूस नसलेल्या वस्तूंचं अनेकवचन एकवचनी स्त्रीलिंगी क्रियापद घेतं. एक ‘त’ आणि तीन उमेदवार. मराठीत आपण ‘असंही सांगण्यात आलं’ म्हणून सुटलो असतो. इंग्रजी तसं सुटू देत नाही. वृत्तपत्र असेल तर ‘इट’, सूत्रं असतील तर ‘दे’, प्रवक्ती बाई असेल तर ‘शी’.

सॉफ्टवेअरने काय केलं? दोन महिन्यांपूर्वी मी हेच अरबी वाक्य एका मंत्रालयाच्या निवेदनात भाषांतरित केलं होतं आणि तिथे बरोबरच ‘द मिनिस्ट्री अ‍ॅडेड’ लिहिलं होतं. आता अक्षर न् अक्षर जुळलं, शंभर टक्के! हिरवी खूण आली आणि जुनं इंग्रजी आपोआप भरलं. अनामिक सूत्रांचं बोलणं अधिकृत मंत्रालयाच्या तोंडी गेलं. त्या वाक्यात ‘विझारा’ फक्त ‘तिथली सूत्रं’ सांगण्यापुरतं होतं, मंत्रालय बोललंच नव्हतं.

आणि हे माझ्या नजरेतून सुटलं कसं? शंभर टक्के जुळणीला ग्राहक दराच्या चौथाईच देतो. चौथाई पैशांत कोण प्रत्येक वाक्य नीट वाचतो? मी तरी वाचलं नाही.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ‘सर, दोन्हीकडचं मूळ वाक्य एकच आहे, त्यामुळे मॅच योग्य आहे.’ मी लिहिलं, ‘वाक्य एकच आहे, बोलणारा एक नाही.’ मग तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद. मी परत उघडलं. असं तीनदा झालं. डिसेंबरभर मी या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

जानेवारीत मात्र मत थोडं बदललं. सेटिंग्जमध्ये एक पर्याय सापडला: शेजारची वाक्यंही तीच असतील तरच आपोआप भर. तो पहिल्या दिवशी मीच वेगाच्या नादात बंद करून ठेवला होता. निम्मी चूक माझी. पण निम्मीच, कारण हा पर्याय फक्त लगतची वाक्यं बघतो. अरबी बातमीत ‘व अदाफत’, मग ‘व औदहत’, मग ‘व ताबअत’ अशी माळ लागते, आणि नाव चार वाक्यांपूर्वी एकदाच आलेलं असतं. शेजारी तेच असले तरी घराचा मालक वेगळा असू शकतो.

म्हणून आता अशा क्रियापदाने सुरू होणारं वाक्य मी तपासणीत अडवतो. सॉफ्टवेअरच्या गुणवत्ता-तपासणीत हा नमुना टाकलाय:

```
^و([أا]ضاف|تابع|[أا]وضح|[أا]كد|[أا]شار)ت?\s
```

पहिल्या अलिफवरची हमझा ही खूण बऱ्याच ठिकाणी लिहीतच नाहीत, म्हणून कंसात दोन्ही रूपं ठेवली. (पडद्यावर हा नमुना उलटसुलट दिसतो. घाबरू नका, चालतो.) जिथे अडतो तिथे मी मागे जातो आणि आधी ‘कौलहा’ किंवा ‘कौलहु’ शोधतो. ‘त्याचं/तिचं म्हणणं’ असा हा शब्द, आणि त्याचं सर्वनाम आतल्या बोलणाऱ्याला धरून असतं. ‘नकलत’चा कर्ता मात्र बाहेरचा, म्हणजे बातमी वाहून आणणारा. आतला बोलणारा प्रवक्ता (मुतहद्दिस, पुल्लिंगी) असता तर ‘त’मुळे तो लगेच बाद झाला असता. वरच्या बातमीत तसं होत नाही. वृत्तपत्र की सूत्रं, हे पुढच्या परिच्छेदात ‘सूत्रांनी पुढे सांगितलं’ असं नाव घेऊन आलं तर कळतं, नाहीतर मूळ वृत्तपत्राची बातमी काढून बघावी लागते. तरीही उलगडलं नाही तर मी ‘द न्यूजपेपर्स रिपोर्ट अ‍ॅडेड’ असं लिहितो आणि संपादकाला टीप देतो. पुस्ती कुणाचीही असो, ती त्या बातमीत होती एवढं तरी खरं राहतं. सूत्रांच्या नावावर खपवायचा मोह होतो, पण तो अंदाज झाला.

एका गोष्टीने सुखद धक्का दिला, तेही लिहायला हवं. शब्दसूची. ‘झअमा’ला ‘क्लेम्ड’ आणि ‘काला’ला साधं ‘सेड’ असं बांधून टाकलं, की थकलेल्या संध्याकाळीही संशयाचं क्रियापद साधं होत नाही. ‘अक्कदा’पुढे मी आधी ‘कन्फर्म्ड’ लिहून ठेवलं होतं. तेही काढलं. बोलणारा ठासून सांगतो म्हणून ते खरं ठरत नाही, आणि ‘कन्फर्म्ड’ लिहिलं की हमी आपल्या गळ्यात. आता ‘स्ट्रेस्ड’ किंवा नुसतं ‘सेड’.

परिच्छेद हाच एक सेगमेंट, म्हणजे एका वेळी भाषांतराला पुढे येणारा तुकडा, धरायची सोयही आहे, आणि या कामाला तीच खरी योग्य. माणूस आणि त्याचं बोलणं बहुतेकदा एकाच खिडकीत दिसतं. शिवाय शेवटी ‘युझकरु अन्न’ने सुरू होणारा, बातमीदाराचा स्वतःचा पार्श्वभूमीचा परिच्छेद वेगळा उठून दिसतो आणि वर बोलणाऱ्याच्या तोंडी जात नाही. तोटा एकच, एवढे मोठे तुकडे जुळत नाहीत आणि मेमरी जवळजवळ निकामी होते. माझ्यासाठी तोटा नाहीच म्हणा, जुळणी नाही तर दर पूर्ण मिळतो. ग्राहकाने अजून विचारलेलं नाही.

जूनमध्ये नूतनीकरण करीन, पण वरची आवृत्ती घेणार नाही. तीन गुण. काल तपासणीने पुन्हा एक ‘व अदाफत’ अडवलं, मी दहा मिनिटं मागे जाऊन शोधलं, तर ती खरोखरच एक प्रवक्ती बाई निघाली. तिकीट चौथ्यांदा उघडलंय.