बोअर अजून खाली न्यायचा की शेततळं खोदायचं? सांवेरकडचा आमचा हिशोब

इंदूरात राहून सांवेरकडे शेती बघणारे आपल्यात बरेच आहेत आणि मार्च आला की हा विषय निघतोच. आमच्याकडे चुलतभावाने जुना बोअर ३०० वरून ६०० फुटांवर नेला आणि मी शेततळं खोदलं, मधे फक्त एक बांध, म्हणजे जमीन तीच पाऊस तोच, त्यामुळे थोडंफार बोलतो.

आधी बोअर. आपल्या माळव्यात वर काळी, मग मुरूम आणि खाली बेसॉल्टचा पत्थर थरावर थर. पाणी मुख्यतः वरच्या कुजलेल्या पत्थरात आणि दोन थरांच्या सांध्यात असतं, मधला घट्ट काळा पत्थर कोरडाच, एखादी भेग लागली तर तुमचं नशीब. म्हणून आधी हे बघा की बोअर कसा वागतो. दिवाळीला भरलेला असेल आणि फेब्रुवारीत तुटत असेल तर तो वरच्याच पाण्यावर चालतोय, खाली नेऊन ते पाणी काही वाढत नाही. मशीन चालू असताना निघणारा चुरा बघत उभं राहा. करडी बारीक पूड येतेय तोवर घट्ट पत्थर आहे आणि मीटर पळतोय, छोट्या छोट्या भोकांचे जाड तुकडे यायला लागले तर आशा धरा. लाल चिकट माती आली तर सांभाळून, हा थर भिजला की फुगतो, ढासळतो आणि केसिंग वरच संपलेलं असल्यामुळे मोटर खालीच अडकू शकते.

भावाला ५०० च्या पुढे पाणी लागलं, खोटं का बोला. पण तासाला अंदाजे ५,००० लिटर. आता हिशोब करा, एक हेक्टर डॉलर चण्याला ५ सेंमीचं एक पाणी द्यायचं म्हणजे ५ लाख लिटर, म्हणजे १०० तास. लाईट शेतीला १० तास, त्यातली काही रात्री, म्हणजे एका पाण्याला दहा दिवस तरी गेले, आणि हे मोटर न थांबता चालली तर.

ती चालत नाही, आणि माझा निर्णय इथेच झाला. बोअर थोडा वेळ पाणी देतो, मग तुटतो, पाईप हवा ओकायला लागतो, मोटर बंद करा, पाणी परत वर यायची वाट बघा, परत चालू करा. ऑटो स्टार्टर लावला तरी कोरडी चालून जळेल ही धास्ती असतेच, आणि डिसेंबरच्या थंडीत रात्री कांबळं घेऊन स्टार्टरजवळ भाऊ बसलेला मी बघितला आहे. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, आता याच्यासाठी खाट पण तिकडेच टाका. बोअर खाली गेला की मोटर जास्त स्टेजची, केबल लांब, आणि दुरुस्तीला काढायची तर सगळे पाईप उपसा, ते वेगळंच.

शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना दीडास एक उतार दिला तर साधारण १९-२० लाख लिटर मावतं. आपल्याकडे ९०० मिमीच्या पुढे पाऊस पडतो, त्याचा पाचवा भाग जरी वाहून आला तरी एक हेक्टर वरची जमीन पुरते. मुरुमात झिरपणं आणि ऊन धरून चण्याला दोन पाणी आरामात होतात, कधी तिसरंही. ५ एचपीचा पंप वरच ठेवलेला, उपसा कमी, तासाला ४०,००० च्या आसपास फेकतो, म्हणजे एक पाणी दोन दिवसांत आटपतं आणि रात्री घरी झोपता येतं. देवासला २००६ मध्ये कलेक्टर उमाकांत उमरावांनी अशीच तळी खोदायला शेतकऱ्यांना लावलं, टोंकखुर्दकडे एकदा जाऊन बघून या.

तोटे आहेत. पाळीसकट पाऊण बिघा जमीन जाते आणि घरचे कुरकुरतात. एप्रिल-मेमध्ये ऊनच दिवसाला सेंटीमीटरभर पाणी पितं, म्हणून पन्नी न टाकलेलं तळं मे मध्ये कोरडं समजा. तळाला मुरूम उघडा पडला असेल तर काळीचा जाड थर दाबून बसवावा लागतो, आणि ते तळं वाळून काळीला भेगा पडल्या की पहिल्या पावसाचं पाणी थोडं जातंच.

मग उन्हाळ्याचं काय? माझ्याकडे रब्बी तळ्यावर निघते म्हणून जुना ३०० फुटी बोअर जानेवारीपर्यंत जवळजवळ बंदच असतो, आणि जनावरांना अन घराला तो मे पर्यंत पुरतो. शेजारी उपसत राहिले तर आमचंही पाणी खाली जातं, त्यामुळे छातीठोक नाही सांगत.

बोअर खाली न्यायचाच असेल तर दोन गोष्टी असाव्यात. उताराच्या तुमच्याच बाजूला दोन-तीन शेजाऱ्यांना एकाच खोलीवर पाणी लागलेलं असावं, आणि त्यांचे ते बोअर नवे नसून दोन उन्हाळे काढलेले असावेत. वरून पाणी वाहून येणारी जमीनच तुमच्याकडे नसेल तरी बोअरच, कारण तळं बोअरने भरायचं म्हणजे जमिनीतलं पाणी काढून उन्हात ठेवायचं. तळं केलंत तर पाणी आत येतं तिथे आधी गाळ बसायला एक खड्डा ठेवा आणि सांडवा पाळीपेक्षा हातभर खाली काढा, नाहीतर जोराच्या पावसात पाळच जाते.