मोडी वह्यांच्या ओळी तोडणं: क्रॅकन-इस्क्रिप्टोरियम सात महिने वापरल्यावर

घरात पणजोबांच्या मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या आणि पत्रांचं एक गाठोडं आहे, ते वाचून घ्यायचं म्हणून मी इस्क्रिप्टोरियम हे हस्तलिखितं वाचायचं सॉफ्टवेअर लावलं, ओळी शोधण्याचं आणि अक्षरं ओळखण्याचं काम त्याच्या आतलं क्रॅकन करतं. अक्षरओळखीबद्दल सगळेच बोलतात पण माझे पहिले दोन महिने फक्त ओळी नीट तोडण्यात, म्हणजे पानावरची एकेक ओळ वेगळी काढण्यात गेले, म्हणून तेवढंच लिहितोय.

सुरुवात मी गाढवासारखी केली. आधी स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला, प्रत्येक आडव्या रांगेत शाई किती ते मोजायचं आणि जिथे कमी तिथे कापायचं. छापील पुस्तकाला मस्त चालतं. पण पणजोबांची ओळ उजवीकडे वर चढत जाते. माझा फोटो २४०० पिक्सेल रुंद, दोन ओळींमधलं अंतर साधारण ९० पिक्सेल, आणि चढ ३ अंश. ३ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण २४०० वर तो १२६ पिक्सेल होतो, म्हणजे ओळ संपेपर्यंत ती वरच्या ओळीच्याही वर पोचलेली असते, मग आडवी मोकळी जागा उरणार कुठून. बरं पान फिरवून सरळ करावं तर वरच्या ओळी जवळपास सपाट आणि खालच्या जास्त तिरक्या, एक सरळ केली की दुसरी वाकते.

क्रॅकनमध्ये ही भानगड नाही कारण ते पान कापतच नाही, प्रत्येक ओळीला एक मोडती रेघ देतं आणि त्या रेघेभोवती मुखवटा काढतं, म्हणजे त्या ओळीच्या शाईभोवतीचं कुंपण, मग अक्षर ओळखताना तेवढा तुकडा रेघेच्या वळणाने सरळ करून घेतं. तिरकेपणाचं दुखणं इथेच नव्वद टक्के मिटलं. फक्त रेघेला टोकाशी दोनच बिंदू असतील आणि ओळ मध्येच वळत असेल तर मध्ये एक-दोन बिंदू हाताने वाढवा.

खरी मेख मोडीत वेगळीच आहे. आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेला लटकतात. जुने लोक आधी पानभर रेघ ओढायचे आणि मग खाली लिहायचे. तयार मॉडेल मात्र अक्षराच्या पायाशी रेघ शोधतं, ती माझ्याकडे कधी अक्षराच्या पोटातून तर कधी पायातून जायची. डॉक्युमेंटच्या सेटिंगमध्ये ओळीची जागा टॉपलाइन करा आणि शिरोरेघेवरच रेघा ओढून थोडी पानं दुरुस्त करा. मी ३५ केली, मग त्यावर सेगमेंटेशन मॉडेल, म्हणजे ओळी शोधणारं मॉडेल, शिकवलं. कमांडने करणार असाल तर:

```
ketos segtrain --topline -f page *.xml
```

शिरोरेघ सलग आणि ठळक असल्यामुळे मॉडेल ती पटकन पकडतं, हा मोडीचा फायदाच म्हणायचा.

आता चिकटलेल्या शेपट्या. आमच्याकडे उकाराची शेपूट इतकी लांब ओढलेली असते की खालच्या रेघेला छेदून पुढे जाते. मुखवटा आपोआप काढताना क्रॅकन शेजारच्या ओळीची रेघ ही हद्द मानतं, तिच्यापलीकडे जात नाही. त्यामुळे शेपूट रेघेपाशी तुटते आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत पडतो. एका पानावर 'पुणे' चं 'पणे' येत होतं आणि बरोबर खालच्या ओळीत एका अक्षराच्या डोक्यावर नसलेली वेलांटी दिसत होती. दोन्ही चुका एकाच शेपटीच्या, हे मला तिसऱ्या पानावर कळलं.

उपाय मला उलटा वाटला होता पण तोच चालला: शाई कापायला जाऊ नका, दोन मुखवटे एकमेकांवर चढू द्या. वरच्या ओळीचा मुखवटा शेपटीपुरता खाली ओढा आणि खालच्याचा तसाच राहू दे. शेपूट दोन्हीकडे दिसली तरी चालते, खालच्या ओळीचा मजकूर लिहिताना ती धरायची नाही एवढंच, असे पुरेसे नमुने मिळाले की ओळखणारं मॉडेल वरून आलेली शाई सोडून द्यायला शिकतं. अर्धी शेपूट मात्र कोणालाच वाचता येत नाही. प्रत्येक शेपटीला हे करत बसू नका, जिथे शब्द बदलतो तिथेच करा, नाहीतर वेड लागेल.

चूक पकडायची माझी पद्धत सोपी आहे, पानावरच्या ओळी आधी बोटाने मोजायच्या. १७ ओळींच्या पानावर १६ आल्या तर दोन जुळल्यात, १९ आल्या तर कुठेतरी तुटल्यात. सगळ्यात फसवी १७ ला १७ येणारी, जिथे चढावर रेघ मध्येच शेजारच्या ओळीवर उडी मारते. ती वाचतानाच कळते, "तेल दोन शेर" चालू असतं आणि अचानक चुलत्याच्या लग्नाचा खर्च सुरू होतो.

लांबलचक पत्रांसाठी एक: मॉडेल चित्र आधी ठरावीक उंचीला आणतं, म्हणून हातभर लांब कागद एकाच फोटोत दिला की ओळी बारीक होऊन एकमेकींना चिकटतात. दोन तुकडे करा, मध्ये दोन-तीन ओळी सामाईक ठेवून.

न सुटलेलं म्हणजे अनुस्वार. वरच्या ओळीची शेपूट संपते तिथे पडलेला ठिपका शेपटीचा शेवट की खालच्या अक्षराचा अनुस्वार, हे कुठलाही मुखवटा सांगत नाही. तिथे मी अजून शब्दाच्या अर्थावरूनच ठरवतो आणि महिन्यातून एकदा तरी चुकतो.