भावफलकाच्या फोटोतून दरतक्ता: हाताने भरावा, ओसीआर लावावं की चित्र वाचणारं मॉडेल?

रोज सकाळी बाजार समितीच्या भावफलकाचा फोटो ग्रुपवर येतो. त्यातून शेतमाल, प्रत, परिमाण आणि दर अशा रकान्यांचा तक्ता करायचा आहे, आणि तो शेतकरी कंपनीला, स्थानिक बातमीपत्राला किंवा नुसत्या नोंदवहीला लागणार आहे. मार्ग तीन आहेत: बसून टाइप करणं, चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्टसारखं ओसीआर चालवणं, किंवा चित्र वाचणाऱ्या भाषा-मॉडेलला फोटो देणं. कोणता मार्ग जास्त अचूक, असं बहुतेक जण विचारतात. माझ्या मते त्याआधी हे बघावं, की प्रत्येकाची चूक कशी दिसते आणि ती तुम्हाला पकडता येते का.

पुण्याच्या घाऊक बाजारात फळभाज्यांचे भाव दहा किलोचे सांगतात, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. त्या धर्तीचा एक फलक धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत:

```
फळभाजी   दर प्रति १० किलो
कांदा   १ नं.     १४०-१८०
  ,,    २ नं.      ९०-१३०
बटाटा   आग्रा     १६०-२००
  ,,    तळेगाव    १७०-२१०
पालेभाजी   शेकडा
कोथिंबीर         ८००-१४००
```

माणसाला हे वाचायला दहा सेकंद लागतात. पण तक्त्यासाठी जे हवं, त्यातलं बरंचसं ओळीत लिहिलेलंच नाही. परिमाण वर एकदाच आलंय आणि मधेच बदललंय. दुसऱ्या ओळीत शेतमालाचं नावच नाही, ,, अशी खूण आहे. ‘१ नं.’ ही प्रत आहे, तर ‘आग्रा’ आणि ‘तळेगाव’ ही मालाची ओळख, प्रत नव्हे. म्हणून तक्त्यात जात आणि प्रत असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि प्रत लिहिलेली नसेल तिथे रिकामं सोडा. पणन मंडळाच्या रोजच्या दरांत ‘जात/प्रत’ हा रकाना एकच असतो. तिथे बघायला ते चालतं, पण पुढे फक्त एक नंबर कांद्याचा महिनाभराचा भाव काढायला बसलात की अडतं.

आता टेसरॅक्ट. फुकट आहे, नेटशिवाय चालतं, मराठीची भाषाफाइल मिळते. छापील फलक, पांढऱ्यावर काळं, समोरून घेतलेला फोटो, असं असेल तर काम ठीक करतं. काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असेल तर आधी रंग उलटे करावे लागतात, आणि तरीही हस्ताक्षरापुढे ते हात टेकतं. साधी सुरुवात अशी, पहिली ओळ इमेजमॅजिकची, दुसरी टेसरॅक्टची:

```
magick falak.jpg -colorspace Gray -negate -resize 200% falak.png
tesseract falak.png dar -l mar+eng --psm 6 tsv
```

फलक आधीच पांढरा असेल तर `-negate` काढून टाका. `tsv` दिल्यामुळे प्रत्येक शब्दाची जागा आणि `conf` हा खात्रीचा आकडा मिळतो. जागेवरून रकाने लावता येतात, कमी खात्रीचे शब्द वेगळे काढता येतात.

खरा घोळ आकड्यांचा आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा चालू ठेवल्या की मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो. पहिल्या ओळीतला १४० मग नऊशे ऐंशी होऊन येऊ शकतो. सुदैवाने ही चूक लपत नाही: किमान ९८०, कमाल १८० असं कुठे असतं का? किमान कमालपेक्षा मोठा आला की ओळ बाजूला काढायची, हा एक नियम असा बराच कचरा गाळतो. पण दुसऱ्या ओळीत ९०चे १० झाले तर १०-१३० या नियमातून सुखरूप निघून जातं. तिथे कालच्या दराशी ताडून बघावं लागतं. मधली आडवी रेघ गळाली तर १५०-२२०चे १५०२२० होतात, ते कुणालाही दिसतं. फलक फक्त मराठी आकड्यांचा असेल तर दराचा पट्टा वेगळा कापून `-l mar` एवढंच द्या. निम्मा ताप जातो.

मॉडेलचं नेमकं उलटं आहे. खडूचं अक्षर, तिरका फोटो, ,, ची खूण हे सगळं ते बहुधा समजून घेतं आणि थेट भरलेला तक्ता देतं. पहिल्यांदा बघताना वाटतं, सुटलो. पण त्याची चूक चुकीसारखी दिसत नाही. ‘१० किलो’ हे परिमाण खाली ओढत नेताना ‘शेकडा’ची ओळ नजरेआड झाली, तर कोथिंबीर ८००-१४०० प्रति १० किलो अशी नोंद होते, म्हणजे किलोला ८० ते १४० रुपये. महागाईच्या आठवड्यात हा भाव कुणालाही पटेल. फलकावर मात्र जुडीला ८ ते १४ रुपये लिहिलेत. किमान-कमालचा नियम इथे काहीच पकडत नाही, कारण आकडे बरोबर आहेत. चुकलंय ते परिमाण. पुसलेल्या जागी शेजारचे आकडे बघून जुळता आकडा भरणं, न सांगता सगळं क्विंटलमध्ये बदलून देणं, हेही होतं. शिवाय टेसरॅक्टसारखा शब्दागणिक खात्रीचा आकडा बहुधा हाती येत नाही.

म्हणून मॉडेल वापरायचं तर दोन गोष्टी आधी करा. एक, तक्त्यात ‘फलकावर जसं लिहिलंय तसं’ हा रकाना मागा, वाचता न आलेल्या जागी रिकामं सोडायला सांगा आणि रूपांतर स्वतः नंतर करा. दुसरी, प्रत्येक बाजाराची परिमाणाची यादी हाताने बनवून ठेवा: या बाजारात कोथिंबीर शेकडा, कांदा १० किलो. लासलगावचा कांदा क्विंटलने, नाशिककडचा टोमॅटो २० किलोच्या क्रेटने, म्हणून एका बाजाराची यादी दुसऱ्याला लावू नका. तक्त्यातलं परिमाण यादीशी जुळलं नाही की फोटो उघडायचा. क्रेटचं वजन पक्कं माहीत नसेल तर किलोचा भाव काढूच नका.

आणि टाइप करणं? एकाच बाजाराचा पंचवीस-तीस ओळींचा फलक असेल तर मी अजूनही हेच सांगेन. शेतमाल, जात, प्रत, परिमाण आधीच भरलेली शीट ठेवा आणि रोज फक्त किमान-कमाल टाका. परिमाण चुकायला जागाच उरत नाही. कंटाळ्याने ओळ घसरते, तीही बहुधा बटाट्यापाशी, जिथे सलग दोन ओळींचे भाव जवळजवळ सारखे असतात. कालच्या दराचा रकाना शेजारी ठेवला की तेही लक्षात येतं.

बाजार चार-पाच झाले आणि फलक हाताने लिहिलेले असले, तर मॉडेल आणि वरची यादी. रोज त्याच साच्यात छापलेला एकच मोठा फलक असेल तर टेसरॅक्ट: रकान्यांच्या जागा एकदा ठरवून ठेवल्या की पुन्हा फारसा हात लावावा लागत नाही, आणि चुकलं तर बहुधा चुकलेलं दिसतं.

तिन्ही मार्गांना फोटो मात्र नीट लागतो. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. काळ्या फळ्यावर फ्लॅश नको. एलईडी फलकाचे दिवे आळीपाळीने लागतात, त्यामुळे शटर वेगवान असेल तर आठाचा तीन झालेला फोटो मिळतो, आणि तो मग माणूसही तीनच वाचतो. असा फलक असेल तर लागोपाठ दोन-तीन फोटो मागवा आणि ज्या ओळीत ते जुळत नाहीत ती रिकामी ठेवून बाजार समितीत फोन करा.