सामान बांधायची एक्सेल शीट : आठ महिने, तीन घरं

मे महिन्यात दारव्ह्याहून सिंदेवाहीला बदली झाली तेव्हा एका मित्राकडून ही शीट मिळाली. खोलीनुसार वस्तूंची संख्या भरा, ती खोके, टेप आणि बबल रॅप सांगते. तेव्हापासून साळ्याचं आणि एका सहकारी शिक्षकाचंही घर हिच्यावरच हलवलं. कामाची आहे, पण जशीच्या तशी वापरू नका.

पहिला घोळ स्वयंपाकघराचा. गंज, डबे, वाट्या, ताटं अशा चौदा ओळी भरल्या तर शीट म्हणे चौदा खोके. लागले सहा. कारण प्रत्येक ओळीचा आकडा ती वेगळा वर ओढते. बारा चमच्यांनाही एक पूर्ण खोकं! शिवाय स्टीलची भांडी एकात एक बसतात, हे तिला ठाऊक नाही. आता मी खोलीचं एकूण आकारमान आधी बेरजेत घेतो, एकात एक जाणाऱ्या भांड्यांपैकी फक्त सर्वांत मोठं मोजतो आणि शेवटी एकदाच वर ओढतो.

पुस्तकांत उलटं झालं. 240 पुस्तकं, साधारण 140 लिटर. खोकं 85 लिटरचं, म्हणून उत्तर दोन. पण पुस्तक सरासरी 350 ग्रॅमचं धरलं तरी 84 किलो होतात, म्हणजे खोक्यात 42 किलो. हमाल म्हणाला, "मास्तर, गोटे भरले काय जी याच्यात?" आणि छोट्या हत्तीत चढवतानाच एकाचा तळ उसवला. पुस्तकं अंगणभर. आता 18 किलोची मर्यादा घातली आहे:

```
=ROUNDUP(MAX(B12/65, C12/18),0)
```

B12 मध्ये लिटर, C12 मध्ये किलो. 85 ऐवजी 65, कारण खोकं कधीच काठोकाठ भरत नाही. उत्तर पाच येतं आणि ते बरोबर आहे. खोकी मात्र लहान घ्या, 18×12×12 इंचांची.

बबल रॅपसाठी "फुटते का?" असा हो-नाही रकाना जोडला, नाहीतर स्टीलच्या ताटांनाही तुकडे मोजले जातात. पण प्रत्येक फुटणाऱ्या वस्तूला एकच तुकडा धरणं अजून चुकतंच. आईच्या लोणच्याच्या चार बरण्या आहेत, 25 सेंटिमीटर व्यासाच्या. दोन वेढे म्हणजेच दीड मीटरच्या वर, तळ आणि तोंड वेगळं. आम्ही कमी आणला, गावात मिळेना, शेवटी दोन बरण्या जुन्या लुगड्यांत गुंडाळल्या. पोचल्या धड.

टेपचा हिशेब कागदावर ठीक आहे: तळाला दोन पट्ट्या, वर एक, खोक्यामागे 1.8 मीटर, 65 मीटरच्या रिळात 36 खोकी. प्रत्यक्षात पंचवीसच होतात. किराणा दुकानातली जुनी खोकी धुळीने माखलेली असतात, टेप सुटते, पुन्हा लावावी लागते. फडक्याने पुसून घेतली की बरंच वाचतं.

गव्हाची कोठी, कुरडयांचे पिंप शीटमध्ये भरूच नका. ते पोत्यातच जातं.