गोल सेल, बटण सेल की पाऊच: बॅटरीवरचा आकडा कुठे खरा धरायचा

बंद पडलेल्या स्पीकरची किंवा टॉर्चची बॅटरी नागपूरच्या बर्डी बाजारात न्यायची असेल, तर काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो ‘नंबर काय?’ हाच. गोल नळी, चपटं बटण आणि चंदेरी पाकीट यांतला फरक डोळ्यांना दिसतोच. अडतं ते अंगावरच्या आकड्यापाशी, कारण तिन्ही जाती आपलं माप वेगवेगळ्या रीतीने लिहितात आणि त्या आकड्यावर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. नवं काही बनवताना यांतला कोणता सेल घ्यायचा, हे ठरवतानाही मला हाच मुद्दा सर्वांत मोठा वाटतो.

गोल सेलचा आकडा सरळ असतो. 18650 म्हणजे १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. 21700 हाही तसाच वाचायचा. पण एका ठिकाणी हमखास घोळ होतो. 14500 हा सेल पेन्सिल सेलच्याच मापाचा असतो, खाचेत बेमालूम बसतो, मात्र देतो ३.७ व्होल्ट. दीड व्होल्टवर चालणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात तो घातला तर मशीन जाऊ शकतं. म्हणून माप जुळलं तरी व्होल्ट वाचल्याशिवाय सेल आत घालू नये. सुरुवातीला IFR लिहिलेलं असेल तर सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि त्याला चार्जरही वेगळा लागतो. तळाशी संरक्षक पट्टी असलेला 18650 लांबीला ६८ ते ७० मिमी भरतो आणि ६५ च्या खाचेत अडतो. तो सेल खोटा नसतो, फक्त त्याची पट्टी आकड्यात धरलेली नसते.

पॅक बंद असेल तरी आत काय आहे ते बाहेरून कळतं, आणि हे वाचता आलं की निम्मं काम होतं. लॅपटॉपच्या बॅटरीवर बारीक अक्षरांत `3ICR19/66-2` असं काहीतरी छापलेलं असतं. 3 म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या तीन पायऱ्या, I म्हणजे लिथियम-आयन, C म्हणजे कोबाल्ट, R म्हणजे गोल. 19/66 हे व्यास आणि लांबीचे वरच्या पूर्ण मिलिमीटरला नेलेले आकडे, म्हणजे आपला 18650 च. शेवटचा 2 सांगतो की प्रत्येक पायरीत दोन सेल समांतर आहेत. आत एकूण सहा सेल. पॅकवर ११.१ व्होल्ट आणि ४४०० एमएएच लिहिलं असेल तर प्रत्येक सेल ३.७ व्होल्ट, २२०० एमएएचचा, हिशेब जुळला. R च्या जागी P दिसला, उदाहरणार्थ `1ICP5/34/50`, तर आत चपटा सेल आहे आणि आकडे जाडी, रुंदी, लांबी या क्रमाने आहेत. मात्र P म्हणजे पाऊचच असं नाही. जुन्या साध्या फोनच्या कडक ॲल्युमिनियम डबीवरही P च असतो. कडेला दाबून सील केलेली फॉइलची पट्टी दिसली तरच तो पाऊच.

बटण सेल ओळखायला सोपा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडक्यात. CR2032 म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी, CR2025 म्हणजे २.५ मिमी जाडी. या ०.७ मिमीच्या फरकाने खाचेतली धातूची पत्ती सेलला टेकत नाही आणि वस्तू कधी चालते, कधी बंद पडते. LR44 मधला 44 मात्र माप नाही, नुसता क्रमांक आहे. तो सेल ११.६ मिमी रुंद आणि ५.४ मिमी जाड असतो आणि AG13 या नावानेही मिळतो. SR44 त्याच मापाचा, पण सिल्व्हर ऑक्साइडचा. त्याचा व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो, म्हणून डिजिटल वर्निअरसाठी थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा. इथली खरी चूक अक्षरांत होते. CR चार्ज करायचा नसतो, LIR2032 चार्ज होतो, आणि दिसायला दोघं जुळे. घड्याळ-चिपच्या ZS-042 बोर्डवर चार्जिंगची वाट दिलेली असते. त्यात CR बसवून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये करंट जात राहतो.

आता पाऊच. शक्यतो गोल सेलच घ्यावा, हे माझं मत ठरलं ते याच्यामुळे. 503450 वाचायला अवघड नाही: जाडी ५.० मिमी, रुंदी ३४, लांबी ५०. पण 103450 मध्ये पहिले दोन आकडे १० मिमी सांगतात, १.० नव्हे, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं. त्यात हा आकडा बहुतेकदा पिवळ्या टेपखाली किंवा चिकटवलेल्या बाजूला असतो.

समजा स्पीकर उघडला, पाऊच फुगलेला आहे आणि ‘5034’ इतकंच वाचता येतंय. मधोमध वर्निअर लावला तर ८ मिमीच्या वर भरतो. या मापावर 803450 आणला तर झाकण बसणार नाही, आणि दाबून बसवलं तर सेल कायम दाबाखाली राहील. फुगलेल्या पाऊचची जाडी मोजायचीच नाही. रुंदी आणि लांबी तेवढी कडेने मोजायची, ती फारशी बदलत नाही. जाडी घ्यायची ती रिकाम्या खाचेच्या खोलीवरून. खाच ६ मिमी असेल तर 50 ने सुरू होणारा, म्हणजे ५ मिमी जाडीचा सेल घ्या, एक मिलिमीटर मोकळा सोडा, कारण पुढेमागे नवा सेलही थोडा फुगणारच. लांबीला ५० मिमी हा बहुधा फॉइलपुरता असतो. वरची संरक्षक पट्टी आणि तिचं वळण धरून तोच सेल ५२-५३ मिमी होतो. काही जण पट्टीसकट लांबी छापतात, काही पट्टी सोडून. आकडा तोच, सेल मात्र खाचेत कधी बसतो, कधी नाही. हा त्रास मला गोल सेलने सहसा दिलेला नाही, कारण त्याची पट्टी तळाशी सरळ दिसते. क्षमताही ताडून पाहा: या मापात साधारण १००० एमएएच मावतं, म्हणजे ३.७ वॉट-तास. लेबलवर २००० असेल तर ते लेबल सोडून द्यावं.

नागपूरचा उन्हाळाही या हिशेबात धरावा लागतो. लिथियम-आयनला चार्ज करण्याची कमाल मर्यादा बहुधा ४५ अंश असते आणि मे महिन्यात इथे सावलीतलाच पारा तिथे पोचतो. बंद गाडीत तर त्याच्याही वर. आत वायू झाला तर स्टीलच्या नळीला तो काही काळ पेलतो, पाऊचचं पाकीट लगेच फुगतं. फुगणं निदान दिसतं आणि आपण सावध होतो, एवढं श्रेय पाऊचला द्यायलाच हवं. वस्तू पातळ असेल तर पाऊचला पर्यायही नाही. पण खाचेत होल्डरसकट गोल सेल मावत असेल, तर मी आपला 18650 च सुचवेन.

पाऊचच घ्यावा लागला तर जुन्याचा कनेक्टर कापायच्या आधी मोबाइलने फोटो काढा. लाल-काळ्या वायरींची जागा प्रत्येकाची वेगळी असते, प्लग मात्र उलटा असला तरी तितकाच घट्ट बसतो. नवा सेल लावण्यापूर्वी मल्टिमीटरने बोर्डच्या खुणेशी प्लस-मायनस जुळवा. वायरी कापताना दोन्ही एकदम कापू नका, एक कापून तिला लगेच टेप लावा, मग दुसरी.