दोन तासांचं नाटक, मधल्या जाहिराती आणि ७२ सेकंदांचा घोळ: आठ महिन्यांनंतर

देवस्थानाच्या उत्सवातलं मराठी नाटक यूट्यूबवर पूर्ण लांबीचं टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आठ मिनिटांची अट, हाताने लावलेले आणि आपोआप पडणारे मिड-रोल, हे सगळं ठाऊक आहे असं धरतो.

आपोआप स्लॉट आवाजातले विराम आणि दृश्यातले बदल पाहून जागा शोधतात. घुमट आरतीच्या व्हिडिओला ही पद्धत अगदी चपखल बसते. एक आरती संपते, घुमट-शामेळ थांबतात, चार माणसं घसा खाकरतात आणि जाहिरात नेमकी तिथे येते. तिथे हाताने एकही स्लॉट लावायची गरज वाटली नाही. नाटकात मात्र सर्वांत मोठी शांतता बापाने मुलाला ओळखल्यावर आणि पुढचं वाक्य येण्याआधी असते. यंत्राला तोही विरामच. म्हणून नाटकाला हाताने स्लॉट लावायचे आणि आपोआपचे एकेक तपासून काढायचे.

आता माझं खरं दुखणं. प्रेक्षक टिकण्याचा अहवाल एपीआयमधून काढला तर `elapsedVideoTimeRatio` चे फक्त १०० बिंदू मिळतात, व्हिडिओ दहा मिनिटांचा असो की दोन तासांचा. १२० मिनिटांच्या नाटकात एक बिंदू म्हणजे ७२ सेकंद. तेवढ्यात प्रवेश संपतो, काळोख होतो, खुर्च्या हलतात आणि पुढचा प्रवेश सुरू होतो. माणूस जाहिरातीला कंटाळून गेला की काळोखाला, हे त्या आलेखात दिसतच नाही. उपाय एकच सापडला: टाकण्याआधी प्रवेशांमधला काळोख पाच-सहा सेकंदांवर कापायचा. मग त्या जागी जी गळती उरते ती बहुतांशी जाहिरातीची.

मोजायचं कसं, ते उदाहरणाने सांगतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. स्लॉट ३६व्या मिनिटाला, म्हणजे ०.३० वर. `audienceWatchRatio` ०.२७ वर ०.४३६, ०.२८ वर ०.४३२, ०.२९ वर ०.४२८. दर बिंदूला ०.००४ ची नेहमीची घसरण आहे. त्या हिशेबाने ०.३१ वर ०.४२० हवं, प्रत्यक्षात आलं ०.३९४. हजारामागे २६ माणसं जास्तीची गेली. आसपास नाट्यपद असेल तर हा हिशेब करू नका. लोक पद मागे नेऊन पुन्हा ऐकतात आणि रेषा फुगते.

२६ म्हणजे त्या जागी पोचलेल्या सुमारे ४२४ जणांपैकी सहा टक्के. पण स्लॉट लावला म्हणून प्रत्येकाला जाहिरात दिसतेच असं नाही, आणि प्रीमियमवाल्यांना तर नाहीच. समजा निम्म्यांना, म्हणजे २१२ जणांना दिसली. मग ती खरोखर पाहणाऱ्यांपैकी बारा टक्के उठून गेले.

पहिले काही महिने मी अशा आकड्यांना घाबरून नाटकाला दोनच स्लॉट ठेवायचो. तो कंजूसपणा चुकीच्या जागी होता. गेलेल्या २६ जणांना पुढे सरासरी एकेक जाहिरात दिसली असती असं धरलं, तर २६ जाहिराती बुडाल्या आणि २१२ मिळाल्या. नुसत्या पैशांत पाहिलं तर स्लॉट सहज परवडतो. फटका बसतो तो पाहण्याच्या वेळेला. ते प्रत्येकी आणखी अर्धा तास बसले असते तर ७८० मिनिटं, म्हणजे १३ तास गेले.

हाच स्लॉट नांदी संपताच आठव्या मिनिटाला असेल तर गणित फिरतं. तिथे गोष्टीत कोणी अडकलेलं नसतं आणि पुढचे सगळे स्लॉट अजून बाकी असतात. हजारातल्या ७०० पैकी ९० जास्तीचे गेले आणि प्रत्येकाबरोबर पुढच्या अडीच जाहिराती गेल्या, तर २२५ बुडाल्या आणि हातात ३५० आल्या. वर प्रत्येकी ३५ मिनिटं म्हणजे ५२ तास गेले. एवढ्याशा कमाईसाठी ५२ तास द्यायची माझी तयारी नाही. म्हणून आता पहिला स्लॉट पहिला प्रवेश पुरा झाल्यावर, साधारण विसाव्या मिनिटाला. पुढे प्रत्येक प्रवेशबदलाला एक, पण दोहोंत बारा मिनिटांहून कमी अंतर नको. दुसरा अंक सुरू झाल्यावर लोक बरंच सोसतात.

आणि पहिल्या पंधरवड्याचा आलेख बाजूला ठेवा. तेव्हा पाहणारे बहुधा नटांचे घरचे, वाड्यावरचे आणि आखातात नोकरीला असलेले गावकरी असतात. आपला भाचा शिपायाच्या भूमिकेत शेवटच्या प्रवेशात येणार म्हणून ते काहीही सहन करतात. नंतरचे अनोळखी प्रेक्षक तसे नसतात. त्यांची संख्याही पुरेशी साठू द्या: ३०० जणांनी सुरू केलेल्या नाटकात हजारामागे २६ म्हणजे जेमतेम आठ माणसं, आणि आठ माणसं वीज गेली तरी उठतात.