‘नवी बॅटरी टाकली आहे’: जुनी हायड्रॉलिक प्रेस घेताना झालेली फसवणूक

भोसरीतल्या एका लहान कारखान्याने जुनी हायड्रॉलिक प्रेस घेतली. मशीनची हालचाल ठरवणारा पीएलसी मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेतला, `FX2N`. त्याचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली असली तरी जुन्या मशिनींवर तो अजून भरपूर दिसतो. व्यापाऱ्याच्या बिलात मशीनच्या किमतीशिवाय तीन ओळी होत्या: पीएलसी ओव्हरहॉल, नवी बॅटरी, आणि ‘लाइट गेल्यावर सेफ रीस्टार्ट प्रोग्राम’. तिन्हींचे पैसे वेगळे लावले होते आणि तिन्ही खोट्या निघाल्या. व्यापाऱ्याचे नाव इथे देत नाही. ही पद्धत एकट्याची नाही, म्हणून ती कशी चालते ते सांगणे जास्त उपयोगाचे.

आधी बॅटरी. `FX2N`मध्ये जादा मेमरी कॅसेट लावलेली नसेल, तर प्रोग्रामसुद्धा रॅम मेमरीतच राहतो. लाइट गेल्यावर तो जिवंत ठेवते ती झाकणाखालची ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी. मोजणीचे आकडे, दाब धरण्याची वेळ, ‘लॅच’ केलेले रिले हे सगळेही तिच्याच जिवावर. म्हणजे या मशीनवर बॅटरी मेली तर नुसता काउंटर शून्यावर येत नाही, प्रोग्रामच पुसला जातो.

ताबा देताना व्यापाऱ्याने दोन गोष्टी दाखवल्या. मल्टिमीटर लावून ३.६ व्होल्ट दाखवले, आणि मेन स्विच पाडून पाच-दहा सेकंदांत परत चढवला. आकडे जागच्या जागी होते, घेणाऱ्याने सही केली. या दोन्ही गोष्टींनी काहीच सिद्ध होत नाही. या जातीच्या लिथियम सेलचा व्होल्टेज संपत येईपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त वापरलेला सेलही मीटरवर नव्यासारखाच दिसतो. आणि दहा सेकंद मेमरी टिकायला बॅटरी लागतच नाही. आतला कपॅसिटर तेवढा वेळ धरतो. बॅटरी बदलताना जुनीचे कनेक्टर काढल्यापासून २० सेकंदांत नवीचे लावा, अशी सूचना असते ती याच कपॅसिटरच्या भरवशावर.

मग दिवाळीची सुट्टी आली. आठवडाभर मेन बंद राहिला. कारखाना उघडला तेव्हा `RUN`चा दिवा लागेना आणि `PROG.E`चा दिवा लुकलुकत होता. व्यापाऱ्याला फोन केला, तर ‘पीएलसी उडाला, जुना माल आहे, नवा घ्यावा लागेल’ असे उत्तर मिळाले. दिव्याचा अर्थ पाहिला असता तर तिथेच कळले असते. लुकलुकणारा `PROG.E` बहुतेक वेळा प्रोग्राम खराब झाला किंवा गेला एवढेच सांगतो. सीपीयूच बिघडला तर तो दिवा सहसा स्थिर पेटलेला राहतो. प्रोग्रामची प्रत हातात असती तर लॅपटॉप आणि केबल घेऊन अर्ध्या तासाचे काम होते. पण प्रत व्यापाऱ्याकडेच होती आणि ती ताब्याच्या वेळी कोणी मागितली नव्हती. शेवटी ‘नवा पीएलसी नको, हाच रिपेअर करून देतो’ असे उपकार केल्यासारखे म्हणत त्याने तोच प्रोग्राम परत भरला आणि पुन्हा पैसे घेतले.

या वेळी मात्र कारखान्याने एका मेंटेनन्सवाल्याला बसवून प्रोग्राम पीएलसीतून वाचून घेतला. प्रश्न सरळ होता: बॅटरी खाली गेली की पीएलसीवर `BATT.V`चा लाल दिवा लागतो आणि त्यानंतरही साधारण महिनाभर मेमरी टिकते, मग तो दिवा कधीच का लागला नाही? उत्तर लॅडरच्या, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रामच्या, अगदी शेवटी होते:

```
LD   M8000
OUT  M8030
```

`M8000` पीएलसी चालू असेपर्यंत चालू असतो, आणि `M8030` चालू असला की बॅटरी खाली गेली तरी इशाऱ्याचा दिवा लागत नाही. ही सोय मुळात कॅसेटवर प्रोग्राम ठेवून बॅटरीशिवाय चालणाऱ्या मशीनसाठी आहे. इथे कॅसेटही नव्हती आणि बॅटरीचे खरे मापही बरे नव्हते. ते माप ऑनलाइन मॉनिटरमध्ये `D8005`त दिसते, ०.१ व्होल्टच्या हिशेबात, म्हणजे ३६ आकडा आला तर ३.६ व्होल्ट. किती खाली गेल्यावर इशारा द्यायचा ती मर्यादा शेजारच्या `D8006`मध्ये असते. इथे `D8005`चा आकडा `D8006`च्या खाली होता. बॅटरी काढून पाहिली तर वरचे वेष्टन नवे, त्यावर निर्मितीची तारीख कुठेच नाही, आणि आत गंजलेल्या पट्ट्यांचा जुना सेल. कंजूषपणाने जुना सेल घालणे वेगळे. दिवा बंद करायला मात्र कोणीतरी मुद्दाम बसून त्या दोन ओळी लिहिल्या होत्या.

बॅटरीपायी पैसे गेले. तिसऱ्या ओळीपायी हात गेला असता. ‘सेफ रीस्टार्ट’चे प्रात्यक्षिक प्रेसचा रॅम, म्हणजे खाली येऊन जॉब दाबणारा भाग, वर असताना आणि मशीन थांबलेली असताना दाखवले होते. पुढे एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी तातडीचे काम काढले असताना, रॅम अर्ध्या वाटेवर खाली येत असतानाच लाइट गेली. ऑपरेटर डायमधला जॉब चिमट्याने काढायला वाकला. लाइट परत आली, आणि कोणीही बटण न दाबता पंप सुरू होऊन रॅम खाली यायला लागला. चिमटा वाकला, माणूस वाचला.

कारण लॅडरमध्ये स्वच्छ दिसत होते. मशीनचे टप्पे `S520`पासून पुढे लिहिले होते. या पीएलसीत `S500` ते `S899` हे टप्पे मूळ सेटिंगमध्येच लॅच असतात, म्हणजे लाइट गेली तरी विसरत नाहीत. पंपाचा रिलेही `M500` घेतला होता, तोही लॅच. लाइट आली तेव्हा पीएलसीच्या लेखी ‘रॅम खाली’ हा टप्पा चालूच होता, म्हणून पहिल्याच स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या पहिल्याच फेरीत, त्याने पंपाचा कॉन्टॅक्टर ओढला आणि सोलेनॉइडला पुरवठा दिला. दोन्ही हातांची बटणे दाबलेली आहेत का, हे फक्त आधीच्या टप्प्यातून इकडे येताना तपासले होते. तो टप्पा केव्हाच मागे पडला होता. व्यापारी यालाच ‘ऑटो रिझ्यूम, वेळ वाचतो’ म्हणून विकत होता. पुरवठा परत आल्यावर मशीन आपोआप चालू होऊन धोका होणार असेल तर तसे होऊ देऊ नये, हे मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात स्पष्ट आहे. अशा वैशिष्ट्याचे पैसे घेणाऱ्याला काय म्हणावे!

दुरुस्ती लहान होती. `M8002` फक्त पीएलसी `RUN`मध्ये आल्यावरच्या पहिल्या स्कॅनला चालू असतो. त्यावर टप्पे आणि पंपाचा रिले पुसायचा आणि मशीनला थांबलेल्या टप्प्यावर आणून ठेवायचे:

```
LD   M8002
ZRST S500 S899
RST  M500
SET  S0
```

`S0`मध्ये कोणतेही आउटपुट चालू नसावे. रॅमला आपोआप वर न्यायचा मोह टाळावा, कारण डायमध्ये जॉब अडकला असेल तर वर जाणेही मोडतोड करते. ऑपरेटरने डाय पाहायची, रीसेट दाबायचे, आणि बटण दाबून धरेपर्यंतच रॅम हळू वर जाईल असे ठेवायचे. लॅचमध्ये राहू द्यायचे ते मोजणीचे आकडे आणि दाबाच्या वेळा. हालचाल घडवणारे काहीही लॅचमध्ये नको. शिवाय दोन्ही हातांची अट ‘रॅम खाली’च्या आउटपुटवरच घालायची, नुसती टप्प्याच्या दारात नाही. अर्थात हे सगळे प्रोग्रामपुरते. पंपाच्या कॉन्टॅक्टरला स्टार्ट बटणाचे स्वतःचे होल्डिंग असायलाच हवे, म्हणजे प्रोग्राम काहीही म्हणो, लाइट आल्यावर पंप बटणाशिवाय उठणार नाही. आणि लाइट नसताना रॅम स्वतःच्या वजनाने सरकू नये म्हणून तेलाच्या वाटेवर रोखणारा व्हॉल्व ठीक आहे ना, तेही पाहावे.

तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने आणखी एक उपाय विकायला काढला: पीएलसीला यूपीएस, ‘म्हणजे बॅटरी बॅकअप झालाच’. हा बॅकअप वेगळा आणि इथे उलट घातक. यूपीएसवर पीएलसी बंदच पडत नाही, त्यामुळे `M8002`ची वेळ येत नाही आणि वरच्या चारही ओळी निरुपयोगी ठरतात. पंप थांबलेला असतो आणि पीएलसीला वाटते स्ट्रोक चालू आहे. यूपीएस नसला तरी हेच होऊ शकते, कारण क्षणभराच्या झटक्यात कॉन्टॅक्टर सुटतो आणि पीएलसी तग धरतो. म्हणून कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क पीएलसीच्या इनपुटला आणावा, आणि पंप चालू असायला हवा असताना तो संपर्क सुटला की तीच पुसापुशी करावी. पंप उठताना संपर्क यायला क्षणभर लागतो, तेवढा अर्ध्या सेकंदाचा टायमर मध्ये ठेवावा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

जुनी मशीन घेणाऱ्यांनी पैसे पुरते देण्याआधी ही तपासणी व्यापाऱ्यासमोर करून घ्यावी. प्रोग्राम पीएलसीतून वाचून प्रत आपल्या लॅपटॉपवर घ्या. पासवर्ड असेल तर तो लेखी मागा, देत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. बॅटरी आपण विकत आणलेली, तारीख असलेली, समोर बसवून घ्या, आणि मॉनिटरमध्ये `M8030` बंद असल्याचे व `D8005`चा आकडा पाहा. मग मेन संध्याकाळी पाडून निदान दोन रात्री बंद ठेवा आणि आकडे लिहून ठेवलेल्या कागदाशी ताडा. प्रत हातात आल्याशिवाय मात्र ही चाचणी करू नका.

त्यानंतर डाय काढून, आसपास कोणी नसताना, रॅम खाली येताना मेन पाडा आणि चढवा. दाब धरलेला असताना पुन्हा, वर जाताना पुन्हा. प्रत्येक वेळी पंप उठता कामा नये, आणि रीसेटआधी दोन्ही हातांची बटणे दाबूनही रॅम हलता कामा नये. पीएलसी चालू ठेवून फक्त पंपाचा पुरवठा तोडून तीच फेरी करा. इथेच बहुतेक ‘सेफ रीस्टार्ट’ नापास होतात. ऑर्डरवर नुसते ‘सेफ रीस्टार्ट’ लिहू नका, या सहा चाचण्या लिहा आणि शेवटचा हप्ता त्यांना बांधा. भोसरीच्या कारखान्याने शेवटचा हप्ता ताबा घेतानाच दिला होता, त्यामुळे नवी बॅटरी, नवा प्रोग्राम आणि होल्डिंगची वायरिंग त्यांना पदरच्या पैशाने करून घ्यावी लागली.